कानाने सोडवायची कोडी

'गेन फॉर सीअर, अकॉर्डिंग टू ऑडिटर (६)'. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या क्रिप्टिक शब्दकोड्यात शोभेल असा हा क्लू. सरळ वाचला तर त्यात एक छोटी गोष्ट दिसते. कुणी भविष्यवेत्ता आहे, त्याला नफा झाला आहे आणि तसे त्याच्या हिशेबतपासनिसाचे म्हणणे आहे. कोडेकाराला मात्र यातले काहीच सांगायचे नसते. त्याला सहा अक्षरांचा एक इंग्रजी शब्द हवा असतो आणि त्या शब्दाकडे जाण्याच्या दोन वाटा त्याने या एका वाक्यात ठेवलेल्या असतात.

पहिली वाट सरळ अर्थाची. क्रिप्टिक क्लूमध्ये उत्तराचा अर्थ नेहमी क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधे कधीच नसतो. इथे तो सुरुवातीला आहे : 'गेन', म्हणजे नफा. उरलेल्या भागात दुसरी वाट आहे, शब्दखेळाची. 'सीअर' म्हणजे द्रष्टा, भविष्य सांगणारा. त्याला इंग्रजीत दुसरा शब्द आहे 'प्रॉफेट'. स्पेलिंग पी-आर-ओ-पी-एच-ई-टी, अक्षरे सात. पण उत्तर सहा अक्षरी हवे आहे. इथे 'अकॉर्डिंग टू ऑडिटर' हे शब्द मदतीला येतात. ऑडिटर म्हणजे हिशेब तपासणारा, हा आपल्या रोजच्या ओळखीचा अर्थ. त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे ऐकणारा. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मते जो 'प्रॉफेट' आहे, तो शब्द लिहायचा. इंग्रजी शब्दकोशांत 'प्रॉफेट' आणि 'प्रॉफिट' यांचा उच्चार एकच दिलेला असतो. उत्तर : पी-आर-ओ-एफ-आय-टी. अक्षरे सहा, अर्थ नफा. दोन्ही वाटा एकाच घराशी येऊन थांबल्या, म्हणजे उत्तर पक्के.

या प्रकाराला समोच्चारी क्लू म्हणता येईल. त्यातला 'ऑडिटर' हा सूचक शब्द. 'इथे डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाच' ही खूण तो पटवतो. क्रिप्टिक कोड्यांत अक्षरांची उलटापालट, लपवलेले शब्द, उलटे लिहिलेले शब्द असे अनेक खेळ चालतात आणि बहुतेक खेळांना त्यांचे स्वतःचे सूचक शब्द असतात. समोच्चारी क्लूचे सूचक शब्द शिकायला सर्वांत सोपे मानले जातात, कारण ते सगळे ऐकणे आणि बोलणे यांच्याच घरातले असतात. पण सूचक ओळखला म्हणजे काम झाले असे नाही. तो वाक्यात कुठे उभा आहे आणि कुणाच्या कानाचा हवाला देतो आहे, या दोन गोष्टींवर क्लूचा निकाल ठरतो.

शब्दकोडे जन्माला आले अमेरिकेत. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने पहिले कोडे छापले. त्यात फक्त सरळ अर्थ दिलेले होते. त्याला गूढ वळण दिले ब्रिटनने. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्कमाडा' या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचू लागले. १९३० च्या १ फेब्रुवारीला 'द टाइम्स'चे पहिले कोडे आले. मॅथर्स यांच्यानंतर 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'झिमेनीझ' या नावाने डेरिक मॅकनट आले आणि १९६६ साली त्यांनी कोडे रचण्याच्या कलेवर पुस्तक लिहून न्याय्य क्लूचे नियम घालून दिले. सोडवणाऱ्याला खुशाल चकवावे, पण क्लूच्या शब्दांनी जे सांगितले ते व्याकरणाच्या दृष्टीने खरे असले पाहिजे, ही त्या नियमांची दिशा. भारतात ही परंपरा 'द हिंदू'ने जोपासली. त्या पत्राची सुरुवातीची कोडी रचणाऱ्यांत नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल रामदास कटारी यांचे नाव घेतले जाते.

सूचकांची यादी लांब आहे, पण चार घरांत ती सहज मावते. पहिले घर ऐकणाऱ्याचे : 'वी हिअर', 'आय हिअर', 'ऑडियन्स', 'लिसनर', 'ऑडिटर'. दुसरे बोलणाऱ्याचे : 'सेड', 'दे से', 'स्पोकन', 'अलाउड', 'इन स्पीच'. तिसरे यंत्रांचे : 'ऑन द रेडिओ', 'ऑन द फोन', 'ऑन एअर'. चौथे घर बातमीचे, वार्ता कानोकानी पोचवणाऱ्या शब्दांचे : 'रिपोर्टेडली', 'अनाउन्स्ड', 'मेन्शन्ड'. चांगला कोडेकार यातला असा शब्द उचलतो, जो क्लूच्या वरवरच्या गोष्टीत सहज मिसळून जाईल. नाटकाविषयी वाक्य असेल तर 'ऑडियन्स', पैशाविषयी असेल तर 'ऑडिटर', अफवेविषयी असेल तर 'दे से'. खूण उघड्यावर ठेवलेली असते आणि तरीही दिसत नाही, यात त्याचे कसब.

आता सूचकाची जागा. 'ॲनिमल अनक्लोद्ड, वी हिअर (४)' हा क्लू घ्या. सूचक शेवटी आहे आणि त्याला चिकटून आहे 'अनक्लोद्ड', म्हणजे वस्त्रहीन. त्यासाठी इंग्रजी शब्द 'बेअर', स्पेलिंग बी-ए-आर-ई. तो ऐकायचा आहे, लिहायचा नाही. लिहायचा तो दुसऱ्या टोकाच्या 'ॲनिमल' या अर्थाचा शब्द, म्हणजे अस्वल : बी-ई-ए-आर. हाच क्लू उलटा करून 'ऑन द रेडिओ, ॲनिमल दॅट्स नेकेड (४)' असा केला, तर सूचक प्राण्याला चिकटतो. आता अस्वल ऐकायचे आणि 'नेकेड'चा बी-ए-आर-ई लिहायचा. नियम एवढाच : सूचकाला चिकटलेला शब्द कानाचा, दूर राहिलेला शब्द कागदाचा.

हा नियम कळला की समोच्चारी क्लूमधला सर्वांत मोठा दोषही कळतो. समजा कोडेकाराने लिहिले, 'ॲनिमल ऑन द रेडिओ अनक्लोद्ड (४)'. सूचक आता बरोबर मधे आहे आणि दोन्ही शब्दांना सारखाच चिकटला आहे. रेडिओवर ऐकू येतो तो प्राणी की रेडिओवर ऐकू येते ते वस्त्रहीन? दोन्ही वाचने व्याकरणात बसतात. दोन्ही उत्तरे चार अक्षरी आहेत. दोन्हींचे पहिले अक्षर बी. अशा क्लूला एकच उत्तर नाही आणि एकच उत्तर असणे ही तर कोड्याची मूळ अट. ब्रिटिश पद्धतीच्या चौकटीत साधारणपणे एकाआड एक अक्षर दुसऱ्या शब्दाशी छेदते. म्हणजे चार अक्षरी शब्दात एक तर दुसरे आणि चौथे अक्षर छेदातून मिळेल किंवा पहिले आणि तिसरे. दुसऱ्या घरात ई आला तर अस्वल, ए आला तर वस्त्रहीन. तिसऱ्या घरात ए आला तर अस्वल, आर आला तर वस्त्रहीन. उत्तर शेवटी सापडते खरे, पण ते शेजारच्या शब्दांच्या कृपेने, क्लूच्या बळावर नाही. जाणकार सोडवणारे यालाच सदोष क्लू म्हणतात.

मधला सूचक नेहमीच वाईट असतो असे मात्र नाही. 'ऑफिसर रिपोर्टेड पार्ट ऑफ नट (६)' या क्लूमध्येही सूचक मधे आहे. ऑफिसर म्हणजे 'कर्नल', लष्करातला. बदामा-अक्रोडाच्या आतला गर म्हणजेही 'कर्नल'. लष्करी कर्नलचे स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल असे सात अक्षरी, गराचे के-ई-आर-एन-ई-एल असे सहा अक्षरी. कंसातला सहाचा आकडाच इथे निवाडा करतो. म्हणून अनुभवी सोडवणारा मधला सूचक दिसताच आधी कंसाकडे पाहतो. जोडीतल्या दोन शब्दांची अक्षरसंख्या वेगळी असेल तर वाद उरत नाही. सारखी असेल तर तो उत्तर पेन्सिलीने लिहितो आणि छेदाची वाट पाहतो.

काही सूचक दुहेरी चाकरी करतात आणि नवखे सोडवणारे तिथेच अडकतात. त्यातला सर्वांत लबाड शब्द 'से'. त्याचा एक अर्थ 'म्हणा, उच्चारा', दुसरा अर्थ 'उदाहरणार्थ'. 'पीलू' शब्दाशी नाते नसलेले, पण फळाशी नाते असलेले हे तीन इंग्रजी शब्द पाहा : नासपतीसारखे फळ ते 'पेअर', जोडी ती 'पेअर' आणि साल काढणे तेही 'पेअर'. तिन्हींचे स्पेलिंग वेगळे, तिन्ही चार अक्षरी, उच्चार एक. आता 'पील फ्रूट, से (४)' हा क्लू. वाचताना 'समजा, फळ सोला' असे साधे वाक्य वाटते. पण फोड अशी : 'फ्रूट, से' म्हणजे फळाचे नाव उच्चारा, 'पील' म्हणजे साल काढणे. उत्तर पी-ए-आर-ई. उलट क्लूमध्ये 'पेअर, से' असे फळाचे नावच दिलेले असेल, तर 'से'चा अर्थ बहुधा 'उदाहरणार्थ' असतो आणि हवा असतो तो 'फ्रूट' हा शब्द. यातून एक उपयोगी अंदाज बांधता येतो. 'से'च्या आधी एखाद्या वर्गाचे नाव असेल तर कान लावावा. त्या वर्गातली एखादी नेमकी वस्तू असेल तर वर्ग शोधावा.

'ब्रॉडकास्ट' हाही असाच. रेडिओवरून प्रसारित केले म्हणून तो ध्वनीचा सूचक ठरतो. पण शेतात बी फोकून पेरणे हाही त्याचा अर्थ आहे आणि त्या अर्थाने तो अक्षरे विखरून टाकायला सांगतो. 'न्यूज ब्रॉडकास्ट इज स्टिच्ड (४)' या क्लूमध्ये बातमी ऐकायची नाही. 'न्यूज'ची एन-ई-डब्ल्यू-एस ही चार अक्षरे विस्कटून पुन्हा जुळवायची आणि शिवलेले या अर्थाचा एस-ई-डब्ल्यू-एन मिळवायचा. इथे खूण अशी की क्लूमधल्या शब्दाची अक्षरसंख्या आणि कंसातला आकडा तंतोतंत जुळतात. ते जुळले तर अक्षरांचा खेळ असण्याची शक्यता आधी तपासावी, नाही जुळले तर कानाकडे वळावे. 'कॉट', म्हणजे झेल घेतलेला, हा शब्द तर क्रिकेटप्रेमी वाचकाला लगेच उलगडेल. 'बोलणे कानी पडले' या अर्थाने तो ध्वनीचा सूचक होऊ शकतो, पण धावफलकावर झेलबाद फलंदाजापुढे सी लिहितात, म्हणून बहुतेक क्लूंमध्ये तो फक्त सी हे एक अक्षर पुरवतो.

या सगळ्याहून मोठा प्रश्न कुणाच्या कानाचा, हा आहे. 'ओरिजिन ऑफ केचप, परहॅप्स, इन स्पीच (६)' हा क्लू लंडनच्या वाचकाला चटकन सुटतो. केचप म्हणजे एक प्रकारचा 'सॉस'. तो उच्चारला की 'सोर्स' हा शब्द ऐकू येतो आणि 'सोर्स' म्हणजे उगम, एस-ओ-यू-आर-सी-ई. मराठी वाचक इथे थबकतो. 'सॉस' आणि 'सोर्स' एकसारखे कसे? कारण इंग्लंडच्या दक्षिणेकडल्या प्रमाण उच्चारात आर नंतर स्वर आला तरच तो उच्चारला जातो, एरवी तो गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. त्यामुळे तिकडे 'सोर्स' आणि 'सॉस' दोन्ही 'सॉऽस' होतात, 'कोर्ट' आणि 'कॉट' दोन्ही 'कॉऽट' होतात. स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडच्या बहुतेक भागात आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा आर स्पष्ट ऐकू येतो. म्हणून तिथल्या सोडवणाऱ्यांची अशा क्लूंविषयी नेहमीची तक्रार असते की ही जोडी आमच्या तोंडी जुळत नाही. तक्रार रास्त आहे. 'वी हिअर' म्हणताना कोडेकार 'आम्ही' या शब्दात सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्यांना ओढतो आणि ते खरे नसते. काळजी घेणारे कोडेकार अशा वेळी 'सम से' किंवा 'फॉर सम', म्हणजे काहींच्या तोंडी, असा सूचक वापरून आपला दावा मर्यादित करतात. लंडनच्या ईस्ट एंडचा उल्लेख आला, तर तिथल्या बोलीप्रमाणे शब्दारंभीचा एच गाळायचा असतो, हीही एक रुळलेली खूण आहे.

मराठी माणूस आर सोडत नाही, म्हणून 'सॉस-सोर्स'सारख्या जोड्या त्याला ऐकू येत नाहीत. त्याने त्या लक्षात ठेवून ओळखायच्या. इंग्रजी शब्द आपण बरेचदा पुस्तकातून शिकतो आणि स्पेलिंगप्रमाणे उच्चारतो, त्यामुळेही काही जोड्या हुकतात. जहाजाच्या धक्क्यासाठी असलेला क्यू-यू-ए-वाय हा शब्द पुष्कळ जण 'क्वे' वाचतात, तर त्याचा उच्चार आहे 'की', अगदी किल्लीसारखा. तलवारीच्या एस-डब्ल्यू-ओ-आर-डी मधला डब्ल्यू मुका असतो. आपल्या तोंडी मात्र तो 'स्वॉर्ड' म्हणून ठणठणीत ऐकू येतो. 'प्रॉफेट' आणि 'प्रॉफिट' आपण लिहितोही वेगळे आणि बोलतोही वेगळे.

याच्या उलट गडबडही होते. मराठीत ए हा स्वर एकाच लांबीचा ऐकू येतो. इंग्रजीत 'कसोटी' आणि 'चव' यांचे शब्द वेगवेगळ्या स्वरांचे आहेत, पण आपण दोन्ही 'टेस्ट' म्हणतो आणि देवनागरीत दोन्ही 'टेस्ट' असेच लिहितो. विक्री आणि विकणे, दोन्ही 'सेल'. फाटक आणि मिळवणे, दोन्ही 'गेट'. व आणि डब्ल्यू यांतला फरकही आपल्या जिभेवर पुसट असतो, म्हणून बनियन आणि पश्चिम दिशा दोन्ही 'वेस्ट' होतात. मराठी कानाला या अगदी पक्क्या समोच्चारी जोड्या वाटतात. इंग्रजी कोडेकाराच्या लेखी त्या जोड्याच नाहीत आणि अशा जोडीवर उत्तर बेतले की ते छेदाशी हमखास भांडते.

म्हणून मराठी सोडवणाऱ्यासाठी एक पद्धत सोयीची पडते. सूचक सापडला, त्याला चिकटलेल्या शब्दाचे दोन-तीन समानार्थी शब्द सुचले की ते देवनागरीत लिहून पाहायचे. 'बेअर', 'पेअर', 'कर्नल' लिहिले की स्पेलिंगचा पडदा आपोआप दूर होतो आणि दुसरा शब्द समोर येतो. मात्र ए आणि व असलेल्या जोडीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, आणि स्वरानंतर आर असलेला शब्द आर गाळूनही एकदा लिहून पाहायचा. शंका उरली तर शब्दकोशातला उच्चार पाहायचा. ब्रिटिश कोड्यांच्या जगात त्यासाठी 'चेंबर्स' शब्दकोशाला मान आहे.

असा क्लू मराठीत रचता येईल का? आपली वर्तमानपत्री शब्दकोडी बहुतेक सरळ अर्थाचीच असतात आणि देवनागरीत लिहिणे उच्चाराच्या बरेच जवळ असल्याने समोच्चारी जोड्या थोड्याच मिळतात. पण त्या आहेत आणि त्या शुद्धलेखनाच्या एका नियमातून जन्मतात. अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार मराठी तोंडी लांबतोच. मराठी वळणाच्या शब्दांत तो दीर्घ लिहिला जातो, संस्कृतमधून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत मात्र मूळचा ऱ्हस्व राखला जातो. त्यामुळे पुत्र या अर्थाचा 'सुत' आणि धागा या अर्थाचा 'सूत' बोलताना एकच होतात. देव या अर्थाचा 'सुर' आणि गाण्यातला 'सूर' यांचेही तसेच. दोन्ही संस्कृतच असलेले 'दिन' आणि 'दीन' हेही कानाला वेगळे कळत नाहीत.

तेव्हा 'चरख्यावरचा धागा कानाला मुलगा वाटतो (२)' हा क्लू न्याय्य ठरेल. कान मुलाला चिकटला आहे, म्हणून 'सुत' ऐकायचा आणि धाग्याचा 'सूत' लिहायचा. 'ऐकायला देव, गायला लागतो (२)' याचे उत्तर 'सूर'. पण 'मुलगा ऐकला धागा (२)' असे लिहिले, तर अस्वलाच्या क्लूतलाच दोष इथेही येतो आणि इथे कंसातला आकडाही सोडवू शकत नाही, कारण दोन्ही शब्द दोन अक्षरी आहेत. सगळा फरक पहिल्या घरात आहे : 'सु' की 'सू'. त्या घरातून उभा शब्द जात असेल आणि तो 'सूचक'सारखा दीर्घ उकाराने सुरू होणारा असेल, तर निर्णय होईल. छेद फक्त दुसऱ्या घरात, 'त'वर असेल, तर सोडवणाऱ्याकडे ठरवायला काहीच उरणार नाही. मराठीत असा क्लू रचणाऱ्याने म्हणून आधी चौकट पाहावी लागेल आणि पहिले घर छेदाचे असल्याची खात्री करूनच ऱ्हस्व-दीर्घाची जोडी तिथे बसवावी लागेल.